रोजा, फाका आणि एकादशी

आमच्या मजल्यावर तीन दारं आहेत. मधलं आमचं, डावीकडे भाभींचं, उजवीकडे चाचा-चाचींचं. पुण्याच्या लष्कर भागातली जुनी इमारत, लाकडी जिना, आणि दिवसभर अर्धी उघडी दारं. कुणाकडे काय शिजतंय हे विचारावं लागत नाही, वास येतोच.

१७ जुलै २०२४ ला आषाढी एकादशी होती आणि मोहरमची सुट्टीही त्याच दिवशी. नवरा गावाला, मुलगी हॉस्टेलवर, आणि मी सवयीनं तिघांचा साबुदाणा भिजवलेला. दुपारी बाराच्या सुमारास दोन ताटल्या भरल्या आणि आधी डावीकडे गेले. भाभी म्हणाल्या, "ताई, आज रोजा आहे हो. काल पण होता." मग उजवीकडे गेले. चाचांनी दार उघडलं. अंगात काळा कुडता, डोळे लाल. ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली आणि छातीवर हात ठेवला. म्हणजे यांचाही रोजा, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि खिचडी स्वतःच तीनदा खाल्ली.

संध्याकाळी शहाणपणा सुचला. रोजा सोडताना खजूर लागतो एवढं ज्ञान मला होतं. सव्वासातला मगरिबची अजान झाली तशी खजुराची एक ताटली भाभींकडे दिली. त्या खूश झाल्या. दुसरी घेऊन चाचांकडे गेले. घरात दिवा नव्हता. मला वाटलं फ्यूज उडालाय. दारातच मी ताटली पुढे केली आणि म्हणाले, "चाचा, मोहरम मुबारक."

चाचा अंधारात जरा वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "बेटा, आमचा रोजा नव्हता. आजच्या दिवशी आम्ही रोजा धरत नाही. फाका होता. तो पाच वाजताच सुटला." ताटली त्यांनी घेतली, कारण दारात आलेलं परत पाठवायची त्यांच्याकडे रीत नाही. पण मला चुकल्यासारखं झालं, आणि काय चुकलं ते कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी चाचींनी सांगितलं, तेही हसत हसत. "तू काल आमच्याकडे मयतीच्या घरी येऊन मुबारक म्हणालीस."

तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. दोघेही मुसलमान, भाभी सुन्नी आणि चाचा शिया, तारीख एकच, दोघांच्याही पोटात दिवसभर काही नाही, आणि दोघांच्या उपाशी राहण्याचा एकमेकांशी संबंध नाही. वर्षभर दोन्ही दारांत बसून जे कळलं, ते असं.

भाभींचं आधी सांगते, कारण ते जुनं आहे. मोहरम हा इस्लामी वर्षाचा पहिला महिना आणि त्याचा दहावा दिवस म्हणजे आशुरा. अरबीत दहाला जो शब्द आहे त्यावरूनच हे नाव आलं. पैगंबर ६२२ मध्ये मक्का सोडून मदिनेला आले. तिथल्या यहुद्यांचा त्यांना एका दिवशी उपास दिसला. कशाचा, म्हणून विचारलं. या दिवशी देवानं मूसाला आणि त्याच्या लोकांना इजिप्तच्या राजाच्या, फिरऔनच्या, तावडीतून सोडवलं, मूसानं त्याबद्दल आभार म्हणून रोजा धरला, म्हणून आम्हीही धरतो, असं उत्तर आलं. पैगंबर म्हणाले, मूसावर तुमच्यापेक्षा आमचा हक्क जास्त. त्यांनी स्वतः रोजा धरला आणि लोकांना धरायला सांगितला. ही हकीकत इब्न अब्बास यांच्या तोंडून आलेली आहे आणि सुन्नींच्या सगळ्यात भरवशाच्या हदीस-संग्रहांत, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहांत, आहे. पुढे हिजरीच्या दुसऱ्या वर्षी रमजानचे रोजे बंधनकारक झाले आणि आशुराचा रोजा ऐच्छिक राहिला. धरला तर पुण्य, नाही धरला तर पाप नाही. आदल्या वर्षाचे गुन्हे त्यानं धुऊन निघतात, अशी श्रद्धा.

पण मग भाभी दोन दिवस का धरतात? तर यहुद्यांपेक्षा वेगळं दिसावं म्हणून, पुढच्या वर्षी जिवंत असलो तर नववीचाही धरीन, असं पैगंबर म्हणाले होते. ते पुढचं वर्ष आलं नाही, त्याआधीच ते गेले. म्हणून सुन्नी लोक नऊ आणि दहा धरतात, किंवा नववी चुकली तर दहा आणि अकरा.

या सगळ्यात करबला कुठेच नाही, हे लक्षात यायला मला वेळ लागला. इराकमधल्या करबलाची लढाई, जिच्यात पैगंबरांचे नातू हुसैन मारले गेले, ती झाली १० ऑक्टोबर ६८० ला. भाभींचा रोजा त्याच्या जवळजवळ साठ वर्षं आधीचा आहे. पैगंबरांनी तो सुरू केला तेव्हा हुसैन जन्मलेही नव्हते.

आता उजवीकडचं दार.

हुसैन हे पैगंबरांच्या मुलीचे, फातिमाचे, धाकटे चिरंजीव. वडील अली. सुन्नींच्या हिशोबात अली चौथे खलिफा. शियांच्या हिशोबात अली पैगंबरांनंतर लगेचचे, पहिले इमाम; थोरला मुलगा हसन दुसरे इमाम आणि हुसैन तिसरे. सगळी मेख या हिशोबात आहे. सुन्नी माणसासाठी करबलात पैगंबरांचा लाडका नातू जुलमानं मारला गेला. शिया माणसासाठी तर नातू गेलाच, शिवाय त्या काळी धर्माची खरी गादी ज्याची होती तो गेला, आणि त्याला मारणारे स्वतःला मुसलमान म्हणवत होते.

घटना अशी. ६८० मध्ये दमास्कसला मुआविया वारला आणि त्याचा मुलगा यझीद गादीवर आला. त्यानं हुसैन यांच्याकडे बैअत मागितली, म्हणजे हातात हात देऊन निष्ठेची शपथ. हुसैन यांनी ती दिली नाही, मदिना सोडली आणि मक्केत येऊन राहिले. तिथे त्यांना इराकमधल्या कूफा शहरातून पत्रं येऊ लागली, की या, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. हुसैन यांनी आधी आपला चुलतभाऊ मुस्लिम इब्न अकील याला पुढे पाठवलं. कूफ्यात त्याचं स्वागत झालं, हजारोंनी त्याच्या हातावर शपथ घेतली, मग यझीदचा नवा सुभेदार आला, धाकदपटशा केला, आणि एका संध्याकाळी नमाजाला उभा राहिलेला मुस्लिम मागे वळून पाहतो तर कुणी नाही. त्याला मारलं गेलं. ही बातमी पोचेपर्यंत हुसैन बायकामुलांसह मक्केतून निघाले होते.

वाटेत एक प्रसंग आहे. पुढच्या मोहरमात चाची मला बायकांच्या मजलिसीला, म्हणजे शोकसभेला, घेऊन गेल्या, तिथे तो ऐकला. कूफ्याकडून हुर्र नावाचा सरदार हजार स्वार घेऊन हुसैन यांना अडवायला आला. भर उन्हात, वाळवंटातून. माणसं आणि घोडी तहानेनं कासावीस झालेली. हुसैन यांनी आपल्या माणसांना सांगितलं, यांना पाणी द्या. आधी माणसांना दिलं, मग घोड्यांपुढे भांडी ठेवली, आणि एका घोड्याचं पोट भरलं की दुसऱ्यापुढे. मजलिसीत हे सांगणाऱ्या बाई, त्यांना झाकिरा म्हणतात, इथे थांबल्या. रडणं अजून सुरू झालेलं नव्हतं. नुसती शांतता. पुढे काय होणार हे खोलीतल्या प्रत्येकीला लहानपणापासून पाठ होतं.

मोहरमच्या दुसऱ्या तारखेला हा काफिला करबलाला पोचला. तिसऱ्या तारखेला उमर इब्न साद चार हजारांची फौज घेऊन समोर आला. सातव्या तारखेला हुकूम आला, की फुरात नदीचं पाणी तोडा, आणि पाचशे स्वार नदीकाठी बसवले. मधल्या एका रात्री हुसैन यांचे सावत्र भाऊ अब्बास तीस स्वार, वीस पायदळ आणि पाण्याच्या वीस मश्की घेऊन पहाऱ्यातून घुसले आणि पाणी घेऊन आले. त्यानंतर पाणी आलं नाही. तंबूत लहान मुलं होती, त्यांतलं एक सहा महिन्यांचं.

नवव्या तारखेच्या संध्याकाळी फौज चालून आली तेव्हा हुसैन यांनी एक रात्र मागून घेतली. त्या रात्री सोबत्यांना गोळा करून ते म्हणाले, यांना मी हवा आहे, तुम्ही नाही. अंधार आहे, निघून जा. परंपरा असं सांगते की जाणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून त्यांनी दिवा विझवला. पुन्हा लावला तेव्हा माणसं बसलेलीच होती. सकाळी मोजली तर बत्तीस स्वार आणि चाळीस पायदळ. बहात्तर हा आकडा तिथून येतो. आणि लढाई सुरू होण्याआधी समोरच्या फौजेतून एक घोडा हळूहळू पुढे येत येत इकडे आला. तो हुर्र होता. पाणी प्यालेला. हुसैन यांच्या बाजूने करबलात पहिल्या मरणाऱ्यांत तो आहे.

दहावीचा दिवस मी इथे पूर्ण सांगत नाही. मजलिसीत तो दहा दिवस पुरतो. तारखा साधारण वाटून घेतलेल्या असतात: एक दिवस पुतण्या कासिमचा, एक अब्बासचा, एक अठरा वर्षांच्या अली अकबरचा, एक त्या तान्ह्या अली असगरचा. मी गेले तो दिवस अब्बासचा होता. एका फ्लॅटचा हॉल, सोफे दुसऱ्या खोलीत ढकललेले, खाली पांढरी चादर, समोरच्या भिंतीला काळं कापड आणि त्याला टेकून अलम, म्हणजे निशाणं. एका निशाणाच्या दांड्याला चामड्याची छोटी मश्क बांधलेली होती, मुठीएवढी. नीट पाहिलं तर तिच्यात आरपार बाण घुसवलेला. अब्बास नदीपर्यंत पोचले, मश्क भरली, स्वतः प्याले नाहीत. परतताना एक हात तुटला, मग दुसरा, मग त्यांनी मश्क दातांत धरली, आणि मग बाण मश्कीला लागला. झाकिरा बाईंनी सांगितलं, की पाणी वाळूत सांडलं तेव्हा अब्बासनं घोडा थांबवला, कारण आता तंबूकडे जायला तोंड उरलं नव्हतं. त्या क्षणी खोलीत जो आवाज झाला तो मी कधी ऐकला नव्हता. साठ-सत्तर बायका एकाच वेळी. मग नौहा, म्हणजे शोकगीत, सुरू झाला, आणि छातीवर हात पडायला लागले, एका ठेक्यात.

मी बाहेरची, मला रडू येण्याचं कारण नव्हतं. पण त्या मश्कीकडे बघवेना.

दहावीला दुपारनंतर, असरच्या वेळेला, हुसैन मारले गेले. तंबू जाळले. बहीण झैनब, मुली, आणि आजारी असल्यामुळे लढाईत न उतरलेला एकच मुलगा झैनुल आबिदीन, यांना कैद करून आधी कूफ्याला आणि मग दमास्कसला यझीदच्या दरबारात नेलं. तिथे झैनबनं जे भाषण केलं त्यातून पहिली मजलिस सुरू झाली, असं शिया मानतात.

आणि कूफा? हा प्रश्न मी चाचांना विचारला होता, की पत्रं लिहिणाऱ्यांचं पुढे काय झालं. चाचा खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेत, मोजून-मापून बोलतात. म्हणाले, "ते नंतर रडले." पत्रं लिहिणाऱ्यांतलाच एक म्हातारा, सुलैमान इब्न सुरद, त्यानं चार वर्षांनी माणसं गोळा केली. त्यांनी स्वतःला तव्वाबून म्हणवलं, पश्चात्ताप करणारे. ते आधी करबलाला गेले, हुसैन यांच्या कबरीवर रात्रभर रडले, आणि ६८५ च्या जानेवारीत सीरियाच्या फौजेशी लढत बहुतेक सगळे मेले. मला वाटतं मोहरमच्या शोकाचं एक मूळ इथे आहे. रडणाऱ्यात फक्त दुःख नाही, आपण तिथे नव्हतो ही टोचणीही आहे. पुढे ९६३ मध्ये बगदादला बुवैही राजवटीत हा शोक पहिल्यांदा सरकारी इतमामात रस्त्यावर आला, बाजार बंद ठेवून. आणि आपल्या दख्खनेत तो निझामशाही, आदिलशाही, कुतुबशाही दरबारांच्या आश्रयानं रुजला. अहिल्यानगरचा, म्हणजे जुन्या अहमदनगरचा, कोठला आणि त्याच्या सवाऱ्या आजही नावाजलेल्या आहेत.

आता परत ताटलीकडे येते, म्हणजे रोजा नसून फाका का, याकडे.

फाका हा शब्द मराठीतही आहे. घरात फाके पडले म्हणतो आपण, खायला नाही म्हणून. चाचींनी मला ते आपल्याच भाषेत समजावलं. "तुमच्यात मयत घरात असताना चूल पेटवतात का? नाही ना. मग त्याला तू उपास म्हणशील का?" नाही म्हणणार. उपासाला आदल्या रात्रीपासून मनाची तयारी असते, संकल्प असतो, फळं येतात, रताळी येतात. मयताच्या घरी कुणी संकल्प करून उपाशी राहत नाही. घास उतरत नाही, म्हणून राहतात.

शियांचा नियम नेमका हाच फरक सांभाळतो. त्यांच्या फिकहमध्ये, म्हणजे धर्मकायद्यात, आशुराचा रोजा मकरूह आहे, म्हणजे नापसंत. का, तर यझीदच्या घराण्यानं, बनी उमय्यांनी, हा दिवस बरकतीचा ठरवला, असं त्यांची परंपरा सांगते. आशुराला जी झियारत, म्हणजे हुसैन यांना सलाम सांगणारी प्रार्थना, ते वाचतात, तिच्यात हे स्पष्ट शब्दांत आहे. मारणाऱ्यांनी शुभ मानलेल्या दिवशी शुभकार्यासारखा रोजा कसा धरायचा? म्हणून सहावे इमाम जाफर सादिक यांच्या नावावर एक सूचना येते: रात्री रोजाची नियत न करता उपाशी राहा, आणि दिवस पूर्ण होऊ देऊ नका. असरनंतर घटकाभरानं एका घोट पाण्यानं सोडा, कारण त्याच वेळेला करबलात लढाई संपली होती. म्हणजे सहेरी नाही, नियत नाही, मगरिब नाही. त्याला फाकाशिकनी म्हणतात, फाका मोडणं. ताटात गोडधोड नाही, तळण नाही. चाचींकडे मसूर डाळ आणि भात, फोडणी न दिलेली डाळ.

तर मी सव्वासातला खजूर घेऊन गेले, तेव्हा तिसरंच काही चालू होतं. दहावीची रात्र म्हणजे शामे गरीबां. तंबू जळून गेलेत, बायका-पोरं उघड्यावर, अंधारात बसलीत. म्हणून दिवे मालवतात, चादरही अंथरत नाहीत, फरशीवर बसतात. फ्यूज वगैरे काही उडालेला नव्हता.

शोक तिथेही संपत नाही. चाळिसावा दिवस, सफर महिन्याची विसावी, ती अरबईन. आणि आपल्याकडचे शिया एकूण दोन महिने आठ दिवस सुतकात असल्यासारखे काढतात. लग्न नाही, नवे कपडे नाहीत. अंगातून रक्त काढण्याचं विचाराल, तर त्यावर त्यांच्याच मौलानांत मतभेद आहेत. इराणच्या खामेनींनी १९९४ मध्ये त्याविरुद्ध फतवा काढला. चाचा स्वतः रक्तपेढीत जाऊन रक्त देतात आणि त्यावर जास्त बोलत नाहीत.

भाभींना मी एकदा सरळ विचारलं, की तुम्हाला हुसैनचं दुःख नाही का. हा प्रश्न विचारायला नको होता. भाभी उठून आत गेल्या, चहा घेऊन आल्या आणि मग म्हणाल्या, "ताई, माझ्या मुलाचं नाव काय आहे?" मुलाचं नाव हुसैन आहे. मी त्याला लहानपणापासून हाक मारतेय.

सुन्नींच्या हदीसच्या पुस्तकांत हसन-हुसैन हे जन्नतच्या तरुणांचे सरदार आहेत. मोहरमच्या पहिल्या दहा दिवसांत कितीतरी सुन्नी मशिदींत करबलाची कथा सांगतात, आणि भाभी ती ऐकून रडतात. त्यांचा आक्षेप दुसऱ्या गोष्टीला आहे. मेलेल्याचा शोक तीन दिवस, विधवेनं चार महिने दहा दिवस, त्याच्यापुढे नाही, ही त्यांची मर्यादा. छाती पिटणं, आक्रोश करणं हदीसमध्ये मना केलंय, असं त्या सांगतात. यावर शियांकडून याकूबचं उदाहरण येतं. याकूबचा एक मुलगा यूसुफ हरवला आणि तो इतका रडला की डोळे पांढरे झाले, हे खुद्द कुराणात आहे. झैनुल आबिदीन यांना कुणीतरी विचारलं म्हणे, की किती रडाल? ते म्हणाले, याकूबला बारा मुलगे होते, एक दृष्टिआड झाला, तोही जिवंत होता, तरी डोळे गेले. मी माझ्या घरातली सगळी माणसं एका दिवसात मारली जाताना पाहिली. भाभींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "खरंय." आणि तरी आपल्या जागेवरून हलल्या नाहीत. चाचाही हलत नाहीत. मला आता त्यांच्यात तडजोड घडवण्याची इच्छा उरलेली नाही.

सुन्नींमध्येही सगळं एकसारखं नाही. भाभी रोजा धरतात आणि संध्याकाळी खिचडा करतात. गहू रात्रीच भिजवून, कुटून, फोलपट काढलेला, हरभरा, तूर, मूग, मसूर, मटण, आणि घोटणं, पाच-सहा तास. नूहची नौका दहावीला काठाला लागली आणि उरलंसुरलं धान्य एकत्र शिजवलं, त्याची ही आठवण, असं त्या सांगतात. त्यांचा दीर मात्र खिचड्यालाही हात लावत नाही. दीन एवढंच सांगतो की रोजा धरा, बाकी सगळं मागाहून घुसलेलं, असं त्याचं म्हणणं. जेवायला मात्र तो दुसऱ्या दिवशी येतो.

आणि आपण बहुतेक मराठी माणसं जो मोहरम लहानपणी पाहतो, तो या दोन्ही दारांतला नव्हे. भाभींच्या माहेरी, सातारा जिल्ह्यात, पंजे बसतात, सवारी निघते, पाटलाच्या घरचा नवस असतो, चोंगे लाटतात, कुणी वाघाचं सोंग घेतं. पुण्यातही एकोणिसाव्या शतकात ताबुतांमागे हिंदूंची गर्दी असे, वाटेत पाणी घालायला बायका उभ्या असत. १८९३ च्या दंग्यांनंतर ते आटलं. १८९४ पासून सार्वजनिक गणपतीचे मेळे निघाले, त्यांची धाटणी ताबुतांपुढच्या टोळ्यांवरूनच घेतलेली होती, आणि त्यांच्या गाण्यांतून हिंदूंना ताबुताला जाऊ नका असंही बजावलं जात होतं. माझ्या आजेसासूबाई ताबूत "थंडे" करायला नदीवर नेतात हे सांगताना गणपती विसर्जनाचाच शब्द वापरायच्या, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. हुसैन कोण हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. "कुणी तरी देवमाणूस, पाण्यावाचून मेला," एवढंच.

योगायोग असा की पुढच्या वर्षीही, ६ जुलै २०२५ ला, आशुरा आणि आषाढी पुन्हा एकाच दिवशी आले. याचं गणित सोपं आहे. त्यांचा महिना चंद्रकोर दिसली की सुरू होतो, ती साधारण आपल्या द्वितीयेच्या आगेमागे दिसते, म्हणून त्यांची दहावी आपल्या एकादशीच्या जवळ पडते. ती आषाढाचीच पडेल असं मात्र नाही. त्यांचं वर्ष ३५४ दिवसांचं आणि त्यांच्यात अधिक महिना नाही. आपल्याकडे २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, म्हणून तेव्हा ही जोडी फुटते. (खालच्या बोहरी दुकानदाराचा आशुरा एक दिवस आधीच होऊन गेला. तेही शियाच, पण त्यांचं पंचांग गणितावर चालतं, ते कोरीची वाट बघत नाहीत. शनिवारी त्यांचं शटर बंद पाहून मी गोंधळले होते.)

रविवारी मी खिचडी मोजकी केली. दुपारी कुणाच्या दारात गेले नाही. साडेचारनंतर चाचींनीच हाक मारली. हॉलमध्ये काळं कापड, खाली चादर, आठ-दहा माणसं नमाज आटोपून बसलेली. चाचांनी पाण्याचा पेला उचलला, हुसैन यांचं नाव घेतलं, एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. मग मसुराची डाळ वाढली गेली. कुणी कुणाला आग्रह केला नाही.

चाचींनी माझ्याकडे पाहिलं. "तुझी तर एकादशी. हे चालणार नाही तुला."

"नाही चालणार."

"निर्जळी आहेस?"

"नाही हो, पाणी चालतं."

त्यांनी त्याच तांब्यातून पेला भरून दिला. मी तो जिन्याकडच्या दारात उभी राहून प्यायले. पलीकडे भाभींच्या स्वयंपाकघरातून खिचडा घोटल्याचा आवाज येत होता, लाकडी घोटण्याचा, ठक ठक. त्यांना पाणी मिळायला अजून अडीच तास होते.